बाजारातील संकट आणि सोने

शेअर बाजार कोसळला की सोने वधारते, हा समज अर्धाच खरा आहे. शेअर बाजाराशी सोन्याचा परस्परसंबंध दीर्घ काळात शून्याच्या आसपास राहतो. दोन्ही कायम उलट दिशेने जातात असे नव्हे, दोन्ही आपापल्या कारणांनी हलतात. संकटात हा संबंध कसा बदलतो, हे २००८ मध्ये नीट दिसले.

त्या वर्षी मार्चमध्ये सोन्याने औंसाला १,००० डॉलरचा टप्पा ओलांडला होता. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली तेव्हा भाव आधी उसळला, पण ऑक्टोबरअखेर तो ७१० डॉलरच्या आसपास उतरला. ऐन घबराटीत सोने पडण्याचे कारण विक्रेत्यांच्या अडचणीत होते. कर्ज काढून शेअर घेतलेल्या फंडांकडे दलाल वाढीव मार्जिन, म्हणजे तारण म्हणून ठेवायची जादा रक्कम, मागत होते. शेअर विकावेत तर मोठा तोटा, कंपन्यांच्या रोख्यांना गिऱ्हाईक नाही. मग ज्याला लगेच रोकड मिळते ते सोनेच आधी विकले गेले. डॉलर वधारल्याने दाब आणखी वाढला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्याजवळ आणून रोखेखरेदी सुरू केली, तसे सोने सावरले आणि वर्षअखेर ८७० डॉलरच्या आसपास पोहोचले. मार्च २०२० मध्येही हाच क्रम दिसला: आधी घसरण, मग ऑगस्टमध्ये २,००० डॉलरच्या वर.

२००८ या वर्षात अमेरिकी शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे ३७ टक्के घटला, तर सोने ४ टक्क्यांच्या आसपास वाढले. सगळे १०० शेअरमध्ये असते तर ६३ उरले असते. ९० शेअर आणि १० सोने असते तर सुमारे ६७ उरले असते. वाचले ते एवढेच चार. मात्र सोन्याचा वाटा आता १० वरून साडेपंधरा टक्क्यांवर गेलेला असतो. तो पुन्हा १० वर आणायचा तर पावणेचारांचे सोने विकून पडलेल्या भावात शेअर घेता येतात. सोन्याचा खरा उपयोग या फेरसंतुलनात आहे, आणि नेमके तेच करायला त्या दिवसांत हात धजत नाही.

वाटा फार वाढवला तर दुसरी बाजू अंगावर येते. सोन्याला व्याज नाही, लाभांश नाही. २०११ च्या उच्चांकापासून २०१५ च्या अखेरीपर्यंत डॉलरमध्ये त्याचा भाव सुमारे ४५ टक्के उतरला. सोने १० टक्के असेल तर एवढ्या घसरणीने एकूण गुंतवणूक साडेचार टक्के खाली येते, २५ टक्के असेल तर अकराहून अधिक. म्हणून ५ ते १५ टक्के ही मर्यादा सर्वसाधारणपणे योग्य मानावी. ५ च्या खाली परिणाम जाणवतच नाही. वाटा १० ठरवला तर तो ७ च्या खाली किंवा १३ च्या वर गेल्यावरच व्यवहार करावा, नाहीतर खर्च आणि कर फायदा खाऊन टाकतात. पुढच्या काही महिन्यांत लागणारा पैसा मात्र सोन्यात न ठेवता रोकड किंवा अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांतच असावा, कारण ऑक्टोबर २००८ सारख्या आठवड्यांत सोनेही पडलेल्या भावातच विकावे लागते.