पहिले अक्षर बरोबरच असणार: नावे जुळवण्याच्या पद्धतीतले एक जुने गृहीतक

ग्राहकांच्या यादीत एका ठिकाणी `Wagh` आणि दुसऱ्या ठिकाणी `Vagh` असेल, तर ते एकच आडनाव आहे हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. `Patil` आणि `Patel` मात्र दोन वेगळी आडनावे आहेत, हेही तितकेच उघड आहे. पण नावांची जुळणी मोजणारी काही प्रचलित सूत्रे या दोन जोड्यांना लावली तर निकाल बरोबर उलटा येतो. पाटील आणि पटेल अधिक जवळचे ठरतात, वाघ आणि वाघ लांबचे. यात प्रोग्रामची चूक नाही. ती सूत्रे जिथे घडली, तिथल्या नावांची सवय त्यांच्यात मुरलेली आहे.

सुरुवात कार्डांच्या खणांपासून होते. पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांना 1918 साली अमेरिकेत एका पद्धतीचे पेटंट मिळाले. नाव कसे लिहिले यापेक्षा ते कसे ऐकू येते यावर कार्ड लावायचे, अशी ती कल्पना. पुढे साउंडेक्स म्हणून रूढ झालेल्या रूपात नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवतात, स्वर आणि `h`, `w`, `y` गाळतात, आणि उरलेल्या व्यंजनांना 1 ते 6 यांपैकी अंक देऊन, कमी पडल्यास शून्ये जोडून, एक अक्षर व तीन अंकांचा कोड बनवतात. सारख्या आवाजाच्या व्यंजनांचा अंक एकच असतो, आणि तो लागोपाठ आला तर एकदाच लिहितात. 1930च्या दशकात अमेरिकेत सामाजिक सुरक्षा योजनेसाठी लोकांना वय सिद्ध करावे लागू लागले. ज्यांच्याकडे जन्माची नोंद नव्हती त्यांचा शोध जुन्या जनगणनेत घ्यायचा, म्हणून 1880च्या जनगणनेची कार्डे याच कोडाने लावण्यात आली.

खणात कार्ड शोधायचे तर कुठला तरी खण आधी उघडावा लागतो, म्हणून पहिले अक्षर पक्के धरणे तिथे सोयीचे होते. डेटाबेसमध्ये `SOUNDEX` हे फंक्शन आले तेव्हा खण गेला, सोय मात्र राहिली. त्यामुळे `Wagh` चा कोड `W200` आणि `Vagh` चा `V200`. दोघांची गाठच पडत नाही. `Patil` आणि `Patel` मात्र दोन्ही `P340`, कारण फरक आहे तो स्वराचा, आणि स्वर तर गाळलेलेच. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की `Dixit` आणि `Dikshit` दोन्ही `D230` येतात, म्हणजे साउंडेक्स इथे चोख काम करतो.

कोडाऐवजी फरक मोजण्याचा विचार 1960च्या दशकात आला. फ्रेडरिक डॅमेरो यांनी 1964 मध्ये दाखवले की त्यांनी तपासलेल्या शब्दांतल्या 80 टक्क्यांहून अधिक चुका एकेकट्या असतात: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेले, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. रशियात व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी 1965 मध्ये, संदेशवहनातल्या चुकांच्या संदर्भात, असेच अंतर मांडले. आपल्या दोन्ही जोड्यांचे लेव्हेनश्टाइन अंतर 1 येते. म्हणजे पक्षपात नाही, पण निवाडाही नाही.

पक्षपात पुन्हा आला तो 1990 मध्ये. त्याआधी मॅथ्यू जारो यांनी फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या 1985च्या जनगणनेच्या नोंदी जुळवण्यासाठी एक सूत्र वापरले होते. दोन नावांत जवळपास त्याच जागी येणारी किती अक्षरे समान आहेत, ते त्यात पाहतात. अमेरिकी जनगणना विभागातल्या विल्यम विंकलर यांनी त्यात भर घातली. नावाच्या सुरुवातीला चुका कमी होतात, म्हणून सुरुवातीची जास्तीत जास्त चार अक्षरे जुळली तर दर अक्षरामागे, 1 व्हायला गुण जितका कमी पडतो त्याचा दहावा भाग वाढवायचा. आकडे मांडून पाहू. `Wagh`–`Vagh` मध्ये दोन्ही बाजूंची चारपैकी तीन अक्षरे जुळतात आणि त्यांचा क्रमही पूर्ण तोच, म्हणून जारो गुण (0.75 + 0.75 + 1) ÷ 3 = 0.833. पहिलेच अक्षर वेगळे असल्याने वाढीव गुण शून्य. `Patil`–`Patel` मध्ये पाचपैकी चार जुळतात, गुण 0.867, शिवाय `Pat` ही तीन अक्षरे सुरुवातीलाच समान, म्हणून 0.867 + 3 × 0.1 × 0.133 = 0.907. उंबरठा 0.90 ठेवला तर खरा वाघ सुटतो आणि पाटील-पटेल एक होतात. उंबरठा खाली आणून हे सुटत नाही, कारण वाघ आत येईपर्यंत पटेल कधीच आत आलेला असतो.

विंकलर यांचे निरीक्षण त्यांच्या नोंदींसाठी खरे होते. मराठी नाव रोमन लिपीत उतरवताना मात्र व चा `V` की `W`, झ चा `Z` की `Jh` हा गोंधळ पहिल्याच अक्षरापासून सुरू होतो. ती टंकनाची चूक नसते. एकाच आवाजाची दोन प्रामाणिक लिखाणे असतात. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एका वळणावर आणाव्या लागतात:

```python
import re
def ekrup(s):
    s = s.lower().strip()
    for a, b in [("w","v"), ("z","j"), ("jh","j"), ("x","ksh"),
                 ("ee","i"), ("oo","u"), ("aa","a")]:
        s = s.replace(a, b)
    return re.sub(r"(.)\1", r"\1", s)
```

आता `Wagh`, `Vagh`, `Waagh` तिन्ही `vagh` होतात. हे रूप फक्त तुलनेच्या वेगळ्या रकान्यात ठेवायचे; ग्राहकाचे नाव आहे तसेच राहू द्यायचे. गोव्याच्या यादीवर `x` चा नियम जसाच्या तसा लावू नये. पोर्तुगीज वळणात `x` म्हणजे श. `Xeldem` हे गाव शेल्डे आहे, क्षेल्डे नव्हे.

पाटील-पटेल यांचा गुण यानंतरही 0.907च राहतो. तिथे कामाला येते ती दुसरी परंपरा. कॅनडात हॉवर्ड न्यूकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या जन्म आणि विवाहाच्या नोंदी संगणकावर जोडताना एक साधी गोष्ट वापरली: दुर्मीळ आडनाव जुळणे हा मोठा पुरावा, सर्रास आडनाव जुळणे हा छोटा. इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी 1969 मध्ये त्याला गणिती पाया दिला. खऱ्या जोडीत रकाना जुळण्याची शक्यता भागिले अनोळखी दोघांत तो योगायोगाने जुळण्याची शक्यता, आणि त्याचा 2 या पायावरचा लॉगॅरिदम, हे त्या रकान्याचे वजन. खऱ्या जोडीत आडनाव जुळण्याची शक्यता 0.95 धरू. दर वीस ग्राहकांत एक असे आडनाव असेल तर वजन सुमारे 4.2, दोन हजारांत एक असेल तर सुमारे 10.9. सगळ्या रकान्यांची वजने बेरजेला घ्यायची. बेरीज फार वर गेली तर एकच व्यक्ती, फार खाली गेली तर वेगळ्या, आणि मधल्या पट्ट्यातल्या जोड्या माणसाने डोळ्यांनी तपासायच्या.

जोड्या निवडतानाही जुने गृहीतक डोकावते. एक लाख नोंदींच्या जोड्या जवळपास 500 कोटी होतात, म्हणून आधी गट पाडून फक्त गटातल्या गटात तुलना करतात. पुष्कळदा हा गट आडनावाच्या पहिल्या अक्षरावर पाडलेला असतो, आणि मग वर केलेली सगळी दुरुस्ती वाया जाते. `W` आणि `V` समोरासमोर येतच नाहीत. त्याऐवजी एक फेरी पिनकोडवर, दुसरी जन्मतारखेवर आणि तिसरी मोबाइलच्या शेवटच्या सहा आकड्यांवर करावी. एका फेरीत निसटलेली जोडी बहुधा दुसरीत सापडते.

मोबाइल क्रमांकावर मात्र एकट्याने विसंबू नये. `Sunil Ramesh Patil` आणि `Ramesh Sunil Patil` या दोन नोंदी घ्या. क्रमांक एक, पत्ता एक, आणि शब्दांचा क्रम बाजूला ठेवून तुलना करणारे सूत्र त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. पण मधले नाव वडिलांचे आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवलेले, म्हणजे हे बाप-लेक असू शकतात. इथे निवाडा फक्त जन्मतारीख करते, आणि ती एका नोंदीत जरी कोरी असली तरी जोडी मधल्या पट्ट्यातच ठेवावी.