टेम्पोत मजूर बसवण्याआधी: ते मजूर नेमके कोणाचे?

पुण्यातल्या आमच्या टेम्पोमालक ग्राहकांसाठी

नऱ्ह्याच्या साइटवरून सेंटरिंगच्या प्लेटा हिंजवडीला न्यायच्या आहेत. माल भरून होतो आणि ठेकेदार म्हणतो, "ही आठ पोरं पण घेऊन जा, तिकडं उतरवायला लागतील." पोरं प्लेटांवर चढून बसतात. नवले पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला की प्लेटा पुढे सरकतात, आणि धरायला काहीच नसलेला माणूस त्यांच्यासकट फेकला जातो.

अशा वेळी विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते की मजूर कोणाचे. मालगाडीच्या थर्ड पार्टी विम्यात ड्रायव्हर, गाडीमालकाचे स्वतःचे कामगार आणि मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतात. ठेकेदाराचे मजूर यात कुठेच बसत नाहीत. पॉलिसीवर हमालांसाठी आयएमटी 39 हे जादा कलम घेतलेलं असलं, तरी ते फक्त तुमच्या पगारावरच्या माणसांसाठी असतं. "भाडं घेतलं नव्हतं, फुकट नेलं" हे सांगूनही उपयोग नाही. मालगाडीतल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. मालाच्या मालकानेही केबिनमध्येच बसायला हवं.

आता रक्कम बघा. मृत मजूर 30 वर्षांचा, महिना 15,000 कमावणारा, घरात चार खाणारी तोंडं. वर्षाचे 1,80,000 होतात. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 2,52,000, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून 1,89,000, आणि वयाप्रमाणे 17 ने गुणून 32,13,000 रुपये. अंत्यविधी वगैरे रकमा आणि व्याज वेगळं. हे एका माणसाचं झालं. कधी कधी कोर्ट विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं, पण ते तुमच्याकडून वसूल करायची मुभाही देतं. मग टेम्पो, घर, शेत, सगळ्यावर जप्ती येऊ शकते.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं थोडं वेगळं आहे. माणसं बसवल्यामुळे अपघात झाला नसेल, तर तेवढ्या कारणावरून हा दावा सरसकट नाकारता येत नाही. नाकारला तर पत्र घेऊन आमच्याकडे या. ड्रायव्हरचं लायसन्स मात्र अपघात नसतानाही निलंबित होऊ शकतं. मालगाडीत माणसं नेणं हे त्यासाठी नियमातच दिलेलं कारण आहे.

भाडं ठरवतानाच ठेकेदाराला सांगा की मजूर प्रवासी गाडीने येतील. आरसीवरची आसनक्षमता बघा आणि केबिनमध्ये तेवढेच बसवा. तुमचे हमाल असतील तर पॉलिसीवर आयएमटी 39 आणि माणसांचा आकडा तपासा, पगाराचं रजिस्टर ठेवा. आणि विमा असला तरी त्यांनाही मालावर बसू देऊ नका.