चाकणच्या गोदामात रोबो उशिरा का आले?

ऑनलाइन विक्रेत्याच्या गोदामात रोबो का नाहीत, असं विचारलं की पुण्यात एक उत्तर ठरलेलं असायचं: आपल्याकडे माणूस स्वस्त आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर करांच्या इतिहासात आणि ऑर्डरींच्या आकड्यात आहे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी गोदाम कुठे आणि केवढं असावं हे मुख्यतः कर ठरवायचा. दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाईकाला थेट माल विकला तर केंद्रीय विक्रीकर लागे. तोच माल ‘एफ’ फॉर्मवर आपल्याच तिथल्या गोदामात पाठवला तर तो कर लागत नसे. म्हणून कंपन्या राज्यागणिक एकेक लहान गोदाम ठेवत. पुणे महापालिकेच्या हद्दीत वर जकात होतीच. २०१३ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी एलबीटी हा स्थानिक संस्था कर आला. अशा विखुरलेल्या गोदामांत यंत्र बसवण्यात अर्थ नव्हता. एका छपराखाली तेवढ्या ऑर्डरीच नसत, मग कोट्यवधींचं यंत्र दिवसातले कितीसे तास चालणार?

तंत्रज्ञान मात्र तयार होतं. अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झालेल्या किवा सिस्टीम्सने बुटके रोबो आणले. ते रॅकखाली शिरतात, ती उचलतात आणि जागेवर उभ्या असलेल्या, ऑर्डरीचा माल काढणाऱ्या पिकरसमोर नेऊन ठेवतात. हाताने माल काढताना पिकरच्या शिफ्टचा मोठा भाग ट्रॉली ढकलत चालण्यात जातो, आणि रोबो नेमकं ते चालणंच वाचवतो. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि पुढे हे रोबो बाहेरच्यांना विकणं बंद झालं. त्यामुळे इतर पुरवठादारांना बाजार मोकळा झाला. भारतात गोदामाचे रोबो बनवणारी ग्रेऑरेंज २०११ मध्येच सुरू झाली होती, तशीच ॲडव्हर्ब २०१६ मध्ये आली. पुण्यात लहान मुलांच्या वस्तू ऑनलाइन विकणारी फर्स्टक्राय २०१० पासून होती, तिच्यातूनच २०१५ मध्ये पार्सलं पोचवणारी एक्सप्रेसबीज वेगळी झाली. पार्सलं वेगळी करणारे रोबो बनवणारी अनबॉक्स रोबोटिक्स २०१९ मधली, तीही पुण्याचीच.

जीएसटीनंतर राज्यागणिक गोदाम ठेवण्याचं कारण उरलं नाही. चाकण, वाघोलीच्या पट्ट्यात उंच छताची, सपाट काँक्रीटच्या जमिनीची मोठी शेड वापरात आली, आणि रोबोला नेमकी अशीच जमीन लागते. त्याला रस्ता दाखवणारे क्यूआर कोड फरशीवर चिकटवलेले असतात. ते धुळीने झाकले किंवा फाटले की रोबो मध्येच थांबतो आणि मागे रांग लागते. पिकर रिकाम्या हातांनी रॅकची वाट बघत उभे दिसले तर दोष बहुतेकदा या फरशीत किंवा रोबोंच्या अपुऱ्या संख्येत असतो.

पण शेड मोठी झाली म्हणून हिशेब आपोआप जुळत नाही. समजण्यासाठी चाकणमधलं एक काल्पनिक गोदाम घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत आणि आयकर बाजूला ठेवला आहे. यंत्रणेचा खर्च १४ कोटी. तिच्यामुळे पहिल्या वर्षी १०० पिकर कमी लागतात. पीएफ, ईएसआय, बोनस, बस आणि ठेकेदाराचं कमिशन धरून एक पिकर महिन्याला २२ हजारांना पडतो, म्हणजे वर्षाची बचत २.६४ कोटी. एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार आणि सॉफ्टवेअर यांचे १ कोटी वजा जाता हातात १.६४ कोटी. मजुरी दरवर्षी ८ टक्क्यांनी आणि एएमसी ५ टक्क्यांनी वाढते असं धरू. पाचव्या वर्षाअखेर बॅटऱ्या आणि कंट्रोलर बदलायला २.५ कोटी लागतील. आयुष्य ८ वर्षं, भंगाराची किंमत शून्य, आणि पुढचा पैसा आजच्या किमतीत आणायचा डिस्काउंट रेट १२ टक्के.

ऑर्डरी आहेत तेवढ्याच राहिल्या तर या प्रकल्पाचा एनपीव्ही, म्हणजे पुढच्या सगळ्या जमा-खर्चाची आजची किंमत, उणे ४.५ कोटी येतो. मजुरी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढूनही! ‘माणूस महाग होतोय, आता यंत्र घ्या’ हा यंत्र विकणाऱ्यांचा लाडका युक्तिवाद एकटा उभा राहत नाही तो असा.

आता तोच हिशेब ऑर्डरी पाचव्या वर्षापर्यंत दरसाल १५ टक्क्यांनी वाढतात आणि मग यंत्रणेची क्षमता संपून स्थिरावतात असं धरून करू. यंत्र नसतं तर पाचव्या वर्षी १०० नव्हे, सुमारे १७५ जादा पिकर लागले असते. एनपीव्ही अधिक ३.४ कोटी होतो. ना नफा ना तोटा अशी मधली रेघ वाढ साधारण ९ टक्के असताना येते.

म्हणजे खरी बचत कोणाला काढून टाकण्यात नसते, पुढे जी भरती करावी लागली असती ती टळण्यात असते. ती मोजणंही म्हणूनच अवघड. आहेत ते पिकर पॅकिंगला वळवले जातात, ठेकेदाराचं बिल तेवढंच येतं आणि कागदावरची बचत बँकेत सापडत नाही. तपासायचं असेल तर मजुरीचं बिल भागिले ऑर्डरी हा आकडा महिन्यागणिक बघावा. दिवाळीचा महिना मागच्या दिवाळीशीच ताडावा, सप्टेंबरशी नको.

कंपन्यांत बराच काळ वापरात असलेली ‘तीन वर्षांत पैसे वसूल’ ही कसोटी इथे गोंधळ घालते. वाढीचं गणित धरूनही या प्रकल्पाची परतफेड सहाव्या वर्षात जाते, म्हणून तीन वर्षांच्या नियमाने तो सरळ फेटाळला जाईल. शेवटच्या तीन वर्षांची मोठी रक्कम त्या नियमाला दिसतच नाही. उलट, एनपीव्हीला ती दिसते, पण ती वाढीच्या अंदाजावर उभी आहे हे तो स्वतःहून सांगत नाही. शिवाय यंत्रणा बसवून सुरळीत चालायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी बचत निम्मीच झाली तर जवळजवळ १.२ कोटी तिथेच जातात. माझ्या मते यंत्र विकणाऱ्याशी घासाघीस करून किमतीत काही लाख कमी करण्यापेक्षा यंत्रणा चालू होण्याच्या तारखेवर दंडाची अट घालून घेणं जास्त फायद्याचं.

पाचव्या वर्षी बॅटऱ्या-कंट्रोलर बदलण्याची वेळ येते तेव्हा हिशेब नव्याने मांडावा लागतो आणि तिथे एक गंमत दिसते. समजा वाढ झालीच नाही, प्रकल्प फसला. तरी तेव्हाचा प्रश्न एवढाच असतो की २.५ कोटी घालायचे की यंत्र बंद करून १०० पिकर परत घ्यायचे. पुढच्या तीन वर्षांच्या निव्वळ बचतीची त्या दिवशीची किंमत सुमारे ६.८ कोटी येते. १४ कोटी आधीच गेलेले आहेत, ते या हिशेबात धरायचेच नाहीत. त्यामुळे जो प्रकल्प मुळात घ्यायला नको होता, त्याच्या बॅटऱ्या मात्र बदलाव्यात असंच उत्तर निघतं. मीटिंगमध्ये हे पटवणं जड जातं, कारण समोर बसलेल्यांना ते १४ कोटी अजून आठवत असतात.