भाचीची मल्टिसिस्टिक, मामाची हॉर्सशू

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाची डावी किडनी द्राक्षांच्या घडासारखी दिसली आणि घरात एकच धांदल उडाली. रिपोर्टवर लिहिलं होतं 'मल्टिसिस्टिक डिस्प्लास्टिक किडनी'. कुणीतरी मोबाइलवर शोधलं, तिथे 'पॉलिसिस्टिक' नावाचा आजार सापडला, तो घराण्यात चालत येतो असं वाचलं. पुढच्या आठवड्यात घरातल्या मोठ्या माणसांनी एकामागोमाग सोनोग्राफी करून घेतली. सगळे ठीक निघाले. फक्त बाळाच्या मामाच्या रिपोर्टवर शब्द आले, 'हॉर्सशू किडनी'. झालं! आजींनी तिथल्या तिथे निकाल दिला, दोष सुनेच्या माहेरचा.

मी लहान मुलांच्या किडनीविकारांचं काम करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण असा गोंधळ अनेक घरांत पाहिला आहे. या दोन रिपोर्टांचा एकमेकांशी संबंध नव्हता, आणि सुनेच्या माहेराचा तर दोन्हींशी नव्हता.

आधी ते 'पॉलिसिस्टिक' बाजूला काढू. त्यात दोन्ही किडन्यांत गाठी असतात, त्या वर्षानुवर्षं वाढत जातात आणि आजार आईवडिलांकडून मुलांकडे येतो. मल्टिसिस्टिकची गोष्ट जवळजवळ उलटी आहे. गर्भात किडनी घडत असतानाच एका बाजूची घडण बिघडते. त्या बाजूची मूत्रवाहिनी बहुधा बंदच असते. किडनीच्या जागी पाण्याने भरलेल्या लहानमोठ्या पिशव्यांचा झुबका तयार होतो आणि तो लघवी अजिबात तयार करत नाही. साधारण चार हजार बाळांत एकाला असं होतं, आणि बहुतेकांच्या घरात आधी कुणालाही तसं नसतं. दुसऱ्या किडनीतही गाठी असतील किंवा घरात तरुणपणीच मधुमेह झालेली माणसं असतील, तर मात्र आम्ही जनुकीय तपासणीचा विचार करतो.

हॉर्सशू किडनी म्हणजे घोड्याच्या नालेसारखी. दोन्ही किडन्या तयार झालेल्या असतात आणि दोन्ही काम करतात, पण खालच्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. गर्भात किडन्या ओटीपोटात तयार होऊन वर सरकतात. या जोडगोळीचा मधला पूल महारोहिणी या शरीराच्या मुख्य धमनीतून निघणाऱ्या एका रक्तवाहिनीखाली अडतो आणि किडन्या नेहमीच्या जागेच्या खालीच राहतात. शिवाय वर जाताना त्या आतल्या बाजूला वळायला हव्यात, ते वळणही अर्धवट राहतं. चार-पाचशे माणसांत एकाची किडनी अशी असते. त्यातल्या कित्येकांना ते आयुष्यभर कळत नाही.

म्हणजे भाचीकडे चालणारी किडनी एकच आहे, पण ती घडणीने नीट आहे. मामाकडे दोन्ही चालतात, पण त्यांची लघवी बाहेर जाण्याची वाट आडवळणाची आहे. पुढे काय तपासायचं हे या फरकावर ठरतं. घरची मंडळी नेमकी उलट्या ठिकाणी नजर लावून बसतात. भाचीकडे सगळे बिघडलेल्या किडनीकडे बघत होते, मामाकडे क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या टाकाऊ पदार्थाच्या, आकड्याकडे.

बाळाचं आधी सांगतो. गरोदरपणात मला दोनच गोष्टी पाहायच्या होत्या: उजवी किडनी नीट आहे का आणि गर्भजल पुरेसं आहे का. दोन्ही होतं, त्यामुळे गर्भपाताचा प्रश्नच नव्हता. दोन्ही किडन्या मल्टिसिस्टिक असत्या तर गर्भजल उरलं नसतं, आणि त्याविना फुप्फुसं वाढत नाहीत.

जन्मल्यावर मुलगी आहे हे कळलं. सोनोग्राफी पहिल्या दिवशी केली नाही, कारण सुरुवातीला बाळाची लघवी इतकी कमी असते की कुठे अडथळा असला तरी दिसत नाही. आठवड्याने केली. खात्री करायची होती की हा झुबका आहे की लघवी किडनीतून बाहेर पडायच्या तोंडाशी अडथळा येऊन फुगलेली किडनी. दोन्ही पडद्यावर काळ्या गोळ्यांसारख्याच दिसतात. फुगलेल्या किडनीत मोठी पिशवी मधोमध असते, बाकीच्या तिला जोडलेल्या असतात आणि कडेने किडनीचा पट्टा दिसतो. झुबक्यात कोणतीच पिशवी दुसरीला जोडलेली नसते. फरक महत्त्वाचा, कारण फुगलेली किडनी वाचवता येते. तिसऱ्या महिन्यात डीएमएसए स्कॅन केला. त्यात किंचित किरणोत्सर्गी औषध टोचतात आणि कोणती किडनी ते उचलते ते पाहतात. डावीने काहीच उचललं नाही. शंका संपली.

वडिलांचा पहिला प्रश्न होता, काढून टाकायची का? पूर्वी खरंच काढत असत, कर्करोग आणि रक्तदाबाच्या भीतीने. ती भीती टिकली नाही. 2005 साली आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 1041 मुलांपैकी एकालाही विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांचा किडनीचा कर्करोग, झालेला नव्हता. हा झुबका बहुधा आपोआप आक्रसतो. या मुलीचा जन्मावेळी 4.1 सेंटिमीटर होता, दीड वर्षाने अडीच, आणि चौथ्या वर्षी सोनोग्राफीत सापडलाच नाही.

इथे एक गंमत होते, पुढे ती महागात पडू शकते. झुबका नाहीसा झाल्यावर नवा सोनोलॉजिस्ट लिहितो, 'डावी किडनी जन्मतः नाही'. घरचे म्हणतात, आजार बरा झाला. आजार बरा झालेला नसतो, फक्त पुरावा गेलेला असतो. म्हणून जुने कागद जपून ठेवायचे.

खरी नजर उजव्या किडनीवर हवी. एकटी किडनी दोघींचं काम करते, त्यामुळे ती नेहमीपेक्षा मोठी व्हायलाच हवी. या मुलीची एक वर्षाची असताना 7.4 सेंटिमीटर होती, त्या वयात साधारण सहाच्या आसपास असते. रिपोर्टमध्ये 'आकार वाढलेला' वाचून आई घाबरली होती. मी म्हटलं, हीच तर चांगली बातमी. वाढली नसती तर मी घाबरलो असतो. या चांगल्या किडनीतही कधी लघवी मूत्राशयातून मागे जाते किंवा वाटेत अडथळा असतो. म्हणून तिच्यात फुगवटा दिसला किंवा बाळाला लघवीच्या संसर्गाने ताप आला तर मूत्राशयात नळी घालून करायची एक्स-रे तपासणी करतो. सगळ्यांचीच सरसकट करत नाही.

पुढे काय? सोनोग्राफी वाढत्या अंतराने. रक्तदाब दरवर्षी, आयुष्यभर. लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन दर एक-दोन वर्षांनी. एकटी किडनी वर्षानुवर्षं जास्त काम करते, आणि काहींत त्याची खूण किशोरवयात याच दोन ठिकाणी आधी दिसते. आपल्याकडे अडचण अशी की मुलांचा रक्तदाब मोजलाच जात नाही, कारण दवाखान्यात लहान दंडाचा पट्टा नसतो. मोठ्यांचा पट्टा लावला तर रक्तदाब खोटा कमी येतो.

दुसरा सापळा क्रिएटिनिनचा आहे. एका पाच वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट आठवतो: 0.9, शेजारी 'नॉर्मल' कंस, कारण प्रयोगशाळेने मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली. मुलांचं गणित वेगळं असतं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले 0.413, भागिले क्रिएटिनिन. 110 सेंटिमीटर उंचीला 0.9 म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता साधारण 50. क्रिएटिनिन 0.4 असतं तर क्षमता साधारण 114 आली असती. तो 'नॉर्मल' रिपोर्ट म्हणजे निम्मं काम गेलेली किडनी होती.

आता मामा. वय अडतीस, तक्रार काही नाही. क्रिएटिनिन ठीक, लघवी स्वच्छ. सोनोग्राफीत डाव्या बाजूची लघवी साठायची पिशवी जरा भरलेली. हॉर्सशूमध्ये ती पुढच्या बाजूला वळलेली असते, मूत्रवाहिनी वरून निघते आणि मधल्या पुलावरून उडी मारून खाली जाते. त्यामुळे ती थोडी फुगलेली दिसणं हा नेहमीचा प्रकार. खरंच अडथळा आहे का हे सोनोग्राफीवर ठरत नाही. त्यासाठी लघवी वाढवायचं इंजेक्शन देऊन रेनोग्राम, म्हणजे लघवीचा निचरा कसा होतो ते दाखवणारा स्कॅन, करतात. मामाचा निचरा सावकाश होता, पण होत होता. ऑपरेशनची गरज नव्हती.

निचरा सावकाश म्हणजे खडे आणि संसर्ग. हॉर्सशूवाल्यांना सगळ्यात जास्त त्रास यांचाच. दोन वर्षांनी मामाच्या बेंबीजवळ दुखू लागलं आणि पंधरा दिवस पित्ताच्या गोळ्यांवर गेले. किडनीचं दुखणं कुशीत असतं, असंच सगळे धरून चालतात. किडनी खाली आणि मध्याकडे असेल तर दुखणंही तिकडेच येतं. लघवीत रक्तपेशी सापडल्या तेव्हा सीटी स्कॅन झाला आणि नऊ मिलिमीटरचा खडा दिसला. बाहेरून लहरींचा मारा करून तो फोडता येतो, पण तुकडे त्या आडवळणात अडकून राहतात. म्हणून शेवटी दुर्बिणीने काढला. आता मामा दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पितो आणि वर्षातून एकदा लघवी व सोनोग्राफी करतो. ताप, कुशीत किंवा बेंबीजवळ दुखणं, लाल लघवी यातलं काही झालं तर वर्ष संपायची वाट बघत नाही.

हॉर्सशूचा मधला पूल पाठीच्या मणक्यापुढे, महारोहिणीवर टेकलेला असतो. सोनोग्राफीत आतड्यातल्या वायूमुळे तो अनेकदा दिसत नाही, आणि दिसला तर कधी 'पोटात गाठ' असा रिपोर्ट येतो. असे घाबरलेले रुग्ण मी पाहिले आहेत. सीटीवर ती गाठ म्हणजे किडनीचाच भाग निघतो. पोटावर जोराचा मार बसला तर हा पूल मणक्यावर दाबला जाऊन फाटू शकतो. पोटाच्या कुठल्याही मोठ्या ऑपरेशनआधी सर्जनला सांगायचं, कारण अशा किडनीला रक्तवाहिन्या जास्त आणि अनपेक्षित ठिकाणाहून येतात. कर्करोगाचं विचाराल तर हॉर्सशू असलेल्या मुलांत विल्म्स ट्यूमर इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो. पण मुळातच तो इतका दुर्मीळ आहे की केवळ त्यासाठी वारंवार स्कॅन करत नाही.

मुलींच्या बाबतीत दोन्हींत एक वेगळी गोष्ट पाहावी लागते. हॉर्सशू असलेल्या मुलीची उंची कमी पडत असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी, म्हणजे मुलीत एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसण्यासाठी, गुणसूत्रांची तपासणी करतो. मल्टिसिस्टिक असलेल्या मुलीत कधी त्याच बाजूचं गर्भाशय किंवा योनीमार्गही वेगळा घडलेला असतो. पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला दुखणं वाढतच गेलं, तर 'सगळ्यांनाच दुखतं' म्हणून सोडायचं नाही, कारण एका बाजूचा मार्ग बंद असून रक्त आत साठत असू शकतं. भाची आता सहा वर्षांची आहे. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने लिहून ठेवलंय: 'डावी किडनी जन्मतः मल्टिसिस्टिक, आता दिसत नाही. पाळी सुरू झाल्यावर ओटीपोटाची सोनोग्राफी.' तेव्हा तिला तपासणारा डॉक्टर मी नसेनही.