नुसता सदरा बदल म्हटलं तर चेहरा का बदलतो?

2025 च्या सप्टेंबरात फोटोवरून एआयने साडीतला फोटो बनवून घ्यायची लाट आली होती, आठवतंय ना? त्यात एका मुलीचा किस्सा फिरला की तिने पूर्ण बाह्यांचा फोटो दिला आणि एआयच्या फोटोत तिच्या हातावर तीळ आला, जो खरंच आहे! झालं, लोक म्हणाले याला कपड्याआडचं दिसतं. अहो कसलं दिसतंय. झाकलेला हात उघडा दाखवायचा तर तो मनानेच रंगवावा लागतो, आणि तीळ काय, लाखो फोटोंमधल्या हातांवर असतातच. ज्यांचा जुळला नाही त्यांनी पोस्ट टाकली नाही, भविष्यवाल्यांचं दुकानही याच हिशोबावर चालतं.

पण यातला "मनाने रंगवतो" हा भाग खरा आहे आणि आपला विषय तोच.

मी माझाच एक फोटो घेतला, मेणवलीच्या घाटावर पायरीवर बसलोय, हाताची घडी, पूर्ण बाह्यांचा चौकटीचा शर्ट. लिहिलं, "मला कुर्त्यात दाखव." कुर्ता झकास आला, पण मी दहा वर्षांनी तरुण, दात दाखवत हसणारा, आणि मागच्या पायऱ्या भलत्याच.

असं का होतं? फोटो बदलून देणारी बरीच एआय मॉडेलं तुमच्या फोटोवर रंग फासत नाहीत, ती अख्खं चित्र नव्याने काढतात, तुमचा फोटो शेजारी ठेवून. आणि तेही पिक्सेलमध्ये नाही. 2022 मध्ये आलेल्या स्टेबल डिफ्युजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलचं उदाहरण घ्या, त्यात 8 बाय 8 पिक्सेलचा एक चौकोन, म्हणजे 64 पिक्सेल, प्रत्येकाचे लाल हिरवा निळा असे 3 आकडे, एकूण 192 आकडे, ते दाबून फक्त 4 आकडे करतात. सगळं काम त्या 4 आकड्यांवर होतं आणि शेवटी फुलवून परत पिक्सेल. आता माझा चेहरा फोटोत साधारण 80 पिक्सेल रुंद असेल तर तो आडवे 10 चौकोन, आणि एक डोळा जेमतेम 2 चौकोन! त्या 2 चौकोनांचे आकडे जरासे हलले की नजर बदलते, आणि ओळखीच्या चेहऱ्यात आपल्याला तेवढंही लगेच खुपतं. घाटाच्या दगडाचा पोत बदलला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तक्रार नेहमी चेहऱ्याची.

म्हणजे प्रॉम्प्टचं, आपण लिहून देतो त्या सूचनेचं, काम काय, तर नवीन काढताना कुठे जुन्याला चिकटून राहायचं हे सांगणं. "मला कुर्त्यात दाखव" यात तसं काहीच नाही, उलट "दाखव" म्हणजे नवा फोटोच काढ. दुसऱ्यांदा असं लिहिलं:

```
फोटोतल्या पायरीवर बसलेल्या माणसाचा फक्त
चौकटीचा शर्ट बदल. त्याजागी फिकट पिवळसर
सुती कुर्ता, पूर्ण बाह्या, बंद गळा.
चेहरा, हसू, केस, चष्मा, हाताची घडी, बसण्याची
पद्धत, मागचा घाट, कॅमेऱ्याचा कोन आणि फोटोची
चौकट मूळ फोटोसारखीच ठेव.
कुर्त्याच्या चुण्या घडीप्रमाणे, प्रकाश मूळ दिशेनेच.
```

आधी कोणाचं काय बदलायचं, मग त्याजागी नेमकं काय, मग काय ठेवायचं ते नाव घेऊन, आणि शेवटी नवं कापड जुन्या अंगावर कसं बसेल. "बाकी काही बदलू नको" एवढ्यावर भागत नाही, कारण "बाकी" म्हणजे काय हे त्याला कसं कळणार. "चष्मा तसाच" म्हटलं की चष्म्यापाशी तरी ते मूळ फोटोकडे बघतं. आणि ते "8K, मास्टरपीस" वगैरे शब्द टाकू नका, त्याने चेहरा उलट गुळगुळीत व्हायची शक्यता, असे जादूचे प्रॉम्प्ट विकत घेऊ नका हो.

बाह्या मी मुद्दाम पूर्ण ठेवल्या. नवा कपडा जुन्याइतकाच किंवा जास्त अंग झाकणारा असला की नवीन कातडी काढावी लागत नाही. साडीत घोळ जास्त होतो तो यामुळे, शिवाय पदर खांद्यावरून मागे पडतो, हात झाकतो, मागचं दृश्य झाकतो, त्यामुळे "मागचं तसंच" हे तिथे पूर्ण पाळताच येत नाही. नऊवारी मागितली तर काष्ट्यासाठी एआय पायांची ठेवणही बदलून बसतो.

या वेळी चेहरा माझाच आला, बराचसा. बराचसा का, ते तपासायला दोन्ही फोटो गिंप या फोटो सुधारायच्या मोफत प्रोग्राममध्ये एकावर एक ठेवून वरच्या लेयरचा मोड डिफरन्स करा. जिथे दोन्ही सारखे तिथे काळं दिसतं. शर्टाची जागा उजळली, ठीक, पण चेहऱ्याच्या कडाही पुसट उजळल्या होत्या, घाटावरही राखाडी धूळ. कितीही नीट लिहिलं तरी हे राहतंच, कारण चित्र नवीनच काढलेलं असतं. अगदी हुबेहूब हवं असेल तर मोड परत नॉर्मल करायचा, मूळ फोटो वर ठेवायचा, खोडलेली जागा आरपार दिसावी म्हणून त्या लेयरला अल्फा चॅनेल जोडायचा आणि त्यातला फक्त शर्ट खोडायचा, खालचा कुर्ता दिसू लागतो. मात्र नव्या फोटोची चौकट चार पिक्सेलनेही सरकली असेल तर गळ्यापाशी जोड दिसतो, प्रॉम्प्टमध्ये "कोन आणि चौकट" लिहिलं ते याचसाठी.