ब्रिटनच्या नोकरीचे स्थलांतर-पत्र: सही करण्याआधी काय वाचावे

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं लंडन-मँचेस्टरच्या कंपन्यांत थेट रुजू होतात, तेव्हा नेमणूकपत्रासोबत आणखी एक दोन-तीन पानी पत्र येते. त्यात सामान, विमान, सुरुवातीचे घरभाडे यांचे पैसे असतात आणि शेवटच्या पानावर ते परत करण्याची अट असते. आमचा सल्ला असा की, हे पत्र शेवटच्या पानापासून वाचायला घ्या.

त्याआधी एवढे बघा की पैसे एकरकमी भत्ता म्हणून येणार आहेत की पावत्या दाखवून. पावत्यांवर मिळणाऱ्या स्थलांतर खर्चाला ब्रिटनमध्ये 8,000 पाउंडांपर्यंत करमाफी आहे. त्यात कुटुंबाचा प्रवास, सामानाची वाहतूक, तात्पुरते राहणे हे बसते. मुलांच्या शाळेची फी बसत नाही. मुदत असते ती रुजू झालेल्या करवर्षाच्या पुढच्या करवर्षअखेरपर्यंत. म्हणजे 1 सप्टेंबर 2025 ला रुजू झालात तर 5 एप्रिल 2027 पर्यंत. भुसावळहून मुंबईला सामान नेणाऱ्या टेम्पोवाल्याकडूनही तारीख, तुमचे नाव आणि रक्कम लिहिलेली पावती घ्या. कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा असेल तर कंपनी ती नाकारू शकते.

एकरकमी भत्ता मात्र पगारच धरला जातो. 41,000 पाउंड वार्षिक पगार आणि पहिल्या महिन्यात 6,000 भत्ता धरा. त्यावर 20 टक्क्यांनी 1,200 पाउंड आयकर बसतो. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून सक्तीने कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता, महिन्यागणिक मोजतात आणि त्या महिन्याची वरची मर्यादा ओलांडली की दर 8 वरून 2 टक्क्यांवर येतो, म्हणून त्याचे जेमतेम 166 जातात. हातात सुमारे 4,634 पडतात. पहिल्या पगारपत्रकात तात्पुरत्या करसंकेतामुळे, म्हणजे टॅक्स कोडमुळे, कपात जास्त दिसली तर घाबरू नका, संकेत दुरुस्त झाला की तो फरक परत मिळतो.

आता परतफेडीचे कलम. समजा ते असे आहे: 24 महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास भत्ता परत, दर महिन्याला चोविसावा भाग माफ. म्हणजे महिन्याला 250 पाउंड. तुम्ही 1 जून 2026 ला, नऊ महिने भरल्यावर, राजीनामा दिलात आणि तीन महिन्यांची नोटीस पूर्ण करून 31 ऑगस्टला निघालात. मोजणी राजीनाम्याच्या तारखेपासून असेल तर 15 महिने उरतात आणि 3,750 पाउंड द्यावे लागतात. शेवटच्या कामाच्या दिवसापासून असेल तर 12 महिने उरतात, 3,000 द्यावे लागतात. नोटिशीच्या काळात काम तर तुम्ही करताच, म्हणून ‘शेवटचा कामाचा दिवस’ हे शब्द पत्रात लिहून मागा.

दुसरा फटका ढोबळ रकमेचा. कलमात ‘ग्रॉस’ लिहिले असेल तर 3,000 पुरते परत करावे लागतात, पण त्या वाट्याचे तुमच्या हातात आले होते 2,317. उरलेले 683 कर आणि विम्यात आधीच गेलेले असतात. कराराप्रमाणे परत केलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येते, हे 2014 मध्ये तिथल्या अपर ट्रिब्युनलने मान्य केले आहे. पण तो दावा तुम्ही स्वतः करायचा असतो, आणि तोवर पैसे तुमच्याच खिशातून गेलेले असतात. ‘नेट’ लिहून घेतले तर ही धावपळच नको.

या कलमात आणखी एक नेहमी निसटते: कंपनीनेच तुम्हाला कामावरून कमी केले तर? परतफेड फक्त स्वतःहून दिलेल्या राजीनाम्यावर आणि गैरवर्तनामुळे काढल्यावर लागू, असे स्पष्ट हवे. व्हिसाच्या खर्चाची यादी असेल तर तीही तपासा. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कर्मचारी आणण्यासाठी सरकारला द्यायचे शुल्क, प्रायोजक कंपनीनेच भरायचा असतो, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. शेवटच्या पगारातून कापून घेण्याची लेखी संमतीही याच पत्रात दडलेली असते. तिथे वर एक कमाल रक्कम घालून घ्या, नाहीतर निघण्याच्या महिन्यात भाड्यापुरतेही उरत नाही.

भारताच्या बाजूने एकच गोष्ट. भत्ता निघण्याआधी इथल्या बचत खात्यात जमा करू नका म्हणावे. भारतात मिळालेले उत्पन्न अनिवासी झालेल्यालाही इथे करपात्र ठरते, आणि मग दोन्हीकडच्या करांचा मेळ घालत बसावे लागते. पहिला भत्ता तिकडच्या खात्यातच पडू द्या.

सल्ल्यासाठी येताना पत्राबरोबर कंपनीचे ‘मोबिलिटी पॉलिसी’ हे दस्तऐवजही आणा. पत्रात ‘वेळोवेळी बदललेल्या पॉलिसीप्रमाणे’ असे लिहिलेले असते, आणि वर सांगितलेल्या तारखा व ‘ग्रॉस’ हा शब्द बहुधा तिथेच सापडतो.