चक्रव्यूहाच्या खेळात ‘कॅलिब्रेट’चं बटण का आलं?

स्वीडनच्या ब्रिओ कंपनीचा लाकडी लॅबिरिंथ १९४६ सालचा. खोक्याच्या बाजूला दोन मुठी, त्या फिरवल्या की वरची फळी कलते आणि पोलादी गोटी भोकं चुकवत पुढे सरकते. खोकं टेबलावर, म्हणून ‘सपाट’ कशाला म्हणायचं हा प्रश्नच नव्हता. तो आला खेळ हातात आल्यावर. २००० साली निन्टेंडोने गेम बॉय कलरच्या एका कर्बी खेळासाठी कार्ट्रिजमध्येच अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे त्वरण मोजणारा सेन्सर, बसवला. २००८ मध्ये आयफोनचं अ‍ॅप स्टोअर उघडलं आणि गोटीचे चक्रव्यूह फोनवर आले.

स्थिर फोनमधला हा सेन्सर गुरुत्वाकर्षण दाखवतो. फोन सपाट असेल तर पूर्ण ९.८१ मीटर/सेकंद² स्क्रीनला काटकोनात असलेल्या z अक्षावर. कलला की त्यातला वाटा फोनच्या लांबीवरच्या y अक्षाकडे जातो. आता आमच्याकडचा पोरगा बाजेवर उशीला टेकून फोन ४५ अंशांत धरतो. y वर ६.९४ येतात आणि तक्रार ठरलेली: “गोटी आपोआपच घरंगळून रायली ना!”

सोपा उपाय म्हणजे सुरुवातीला ‘कॅलिब्रेट’ दाबलं की सेकंदभराच्या रीडिंगची सरासरी घेऊन ती वजा करायची. गोटी थांबते, पण खेळ जड होतो. सपाट फोन १० अंश कलवला की १.७० मिळतात, ४५ अंशांवरून तेवढाच आणखी उभा केला तर १.१०, उलट आडवा केला तर १.३१. दोन्ही दिशा सारख्या राहत नाहीत. म्हणून आधी कोन काढावा आणि मग सुरुवातीचा कोन वजा करावा:

```
angle = atan2(y, z) - angle0
s = s + a * (angle - s)
```

दुसरी ओळ थरथर काढण्यासाठी; गोटी चालते ती `s` या गाळलेल्या कोनावर. टेबलावर निजलेल्या फोनचे आकडेही हलत असतात, हाताचा कंप वेगळाच. सेकंदाला ५० रीडिंग धरा. `a` ०.१ ठेवला तर हात वळवल्यावर ६५ टक्के कल पोहोचायला १० रीडिंग, म्हणजे ०.२ सेकंद लागतात. तोवर गोटी भोकात. ०.३ ला तीनच रीडिंग पुरतात. मी ०.३ घेईन आणि एक अंशाच्या आतला कल शून्य मानेन. गोटी जागेवर थरथरली तर `a` कमी करायचा, हातामागून रेंगाळत आली तर वाढवायचा.

एसटीत मात्र हे सगळं अपुरं पडतं. खड्ड्याचा दणका गाळता येतो, पण ड्रायव्हरने दोन-तीन सेकंद ब्रेक दाबला की गाळणीचा उपयोग नाही. वेग सेकंदाला २ मीटर/सेकंदाने कमी होत असेल, तर प्रवासाच्या दिशेने सपाट धरलेल्या फोनला ११.५ अंशांचा कल दिसतो. एकूण मापही ९.८१ वरून जेमतेम १०.०१ होतं, त्यावरून फरक ओळखणं कठीण. त्याला फोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा जायरोस्कोप लागतो, आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये तो नसतो.